एकूण दिवस 5? कोणी मोजले?

"दि. 14/08/2025 ते दि. 18/08/2025 असे एकूण 5 दिवस रजा मंजूर व्हावी, ही नम्र विनंती."

मित्रांनो, हे वाक्य नीट वाचा. गेल्या महिन्यात आपल्या जिल्ह्यातल्या कितीतरी टेबलांवर हेच वाक्य पडलं असेल. गुरुवारी 14 तारीख, शुक्रवारी 15 ऑगस्ट, मग शनिवार, रविवार, आणि सोमवारी 18 तारीख. मधले तीन दिवस कार्यालयच बंद. म्हणजे माणूस कामावर येणार नाही असे दिवस दोन. अर्जात लिहिले पाच. खाली स्वतःची सही. साहेबांनी कोपऱ्यात "मंजूर" लिहिलं आणि विषय संपला.

संपला नाही. एका ओळखीच्या मुलीचे या "एकूण 5" पायी 2,500 रुपये गेले. पगार 13,000. म्हणून ही पोस्ट जरा लांब आहे, पण शेवटपर्यंत वाचा. दिवाळी तोंडावर आहे आणि असे अर्ज आता ढिगाने पडणार आहेत.

मी तीस वर्षं आस्थापनेच्या टेबलावर काढली. रजेचे अर्ज, हजेरीपत्रक, सेवापुस्तकातला रजेचा हिशेब, हेच माझं काम. त्यामुळे कोणी "अहो, नियमच तसा आहे" म्हटलं की मी विचारतो, कोणता नियम? कोणासाठी? आणि कोणत्या रजेसाठी? या तीन प्रश्नांनंतर बहुतेक लोक चहा सांगतात.

आधी एक साधी गोष्ट. आपण बोलताना "सुट्टी टाकली" म्हणतो. घरी, एसटीत, पानठेल्यावर ते चालतं. कागदावर चालत नाही. सुट्टी वेगळी, रजा वेगळी. ज्या दिवशी तुम्ही काम देणं लागता आणि त्या दिवशी येणार नाही म्हणून परवानगी मागता, ती रजा. ज्या दिवशी तुम्ही काम देणंच लागत नाही, ती सुट्टी. ती मागावी लागत नाही आणि कोणी मंजूरही करत नाही. 15 ऑगस्टला रजा मागणं म्हणजे स्वतःच्याच घरात शिरायला शेजाऱ्याची परवानगी मागण्यासारखं आहे. पण एकदा तुम्ही ती मागितली, लिहून दिली, की शेजारी भाडं लावायला मोकळा.

आता ही पाच दिवसांची गैरहजेरी वेगवेगळ्या माणसांसाठी कशी मोजली जाते ते सांगतो. तारखा त्याच आहेत, फक्त माणूस बदलतो.

पहिला, राज्य सरकारच्या कार्यालयातला लिपिक. त्याला वर्षाला 8 नैमित्तिक रजा मिळतात, ज्याला आपण सीएल म्हणतो. नैमित्तिक रजेच्या आधी, नंतर किंवा मध्ये आलेल्या सुट्ट्या रजेत मोजत नाहीत. त्याने गुरुवार आणि सोमवार सीएल टाकली, तर खात्यातून 2 दिवस जातील. शुक्रवार, शनिवार, रविवार त्याचेच.

दुसरा, तोच लिपिक, पण त्याने सीएल न टाकता त्याच तारखांची अर्जित रजा टाकली. इथे चित्र बदलतं. अर्जित रजेत सुरुवातीला किंवा शेवटी लागून आलेली सुट्टी परवानगीने जोडून घेता येते, ती रजेत मोजत नाहीत. पण रजेच्या पोटात अडकलेली सुट्टी मात्र रजाच होते. गुरुवारी रजा सुरू, सोमवारी संपली, म्हणजे मधले तीन दिवस पोटात गेले. खात्यातून 5 दिवस वजा. हे बरोबर आहे, नियमाप्रमाणे आहे. इथे कारकुनाला शिव्या देऊ नका. पण शहाणा माणूस दोन दिवसांच्या कामासाठी अर्जित रजा लावतच नाही. वर्षाला 30 दिवस अर्जित रजा जमा होते, जानेवारीत 15 आणि जुलैत 15. निवृत्तीच्या वेळी 300 दिवसांपर्यंतच्या शिल्लक रजेचे पैसे मिळतात. ज्याची शिल्लक 300 च्या खाली आहे, त्याच्यासाठी ते तीन दिवस म्हणजे रोख तीन दिवसांचा पगार आहे.

आणि त्यानेच गुरुवारी काम केलं असतं आणि सोमवारपासून आठवडाभर अर्जित रजा घेतली असती, तर शुक्रवार ते रविवार रजेला आधी जोडता आले असते, खात्याला धक्का न लावता. सुट्टी रजेच्या काठावर आली की वाचते, मध्ये आली की बुडते. अर्जित रजेचं सगळं गणित एवढंच आहे. छापील नमुन्यात आधी आणि नंतर जोडायच्या सुट्ट्यांसाठी रकाना असतो, तो यासाठीच. लोक तिथे एक आडवी रेघ मारतात आणि पुढे जातात.

तिसरा माणूस, ज्याचा शनिवार कामाचा आहे. पाच दिवसांचा आठवडा सगळ्यांना लागू नाही. शाळा, महाविद्यालयं, सरकारी दवाखाने, पोलिस यांना त्यातून वगळलंय. बँकेचंही वेगळं आहे. त्यांना दुसरा आणि चौथा शनिवार सुट्टी, आणि 16 ऑगस्ट होता तिसरा शनिवार. म्हणजे या लोकांसाठी गुरुवार, शनिवार, सोमवार असे कामाचे 3 दिवस झाले. यांनी 2 लिहिले तर ते चूक ठरेल. ज्याची साप्ताहिक सुट्टी ड्युटी चार्टप्रमाणे बुधवारी येते, त्याचं गणित आणखी वेगळं. दुसऱ्याचा अर्ज पाहून आकडा टिपू नका, हे म्हणूनच सांगतो.

चौथा, कारखान्यातला कामगार. समजा त्याची साप्ताहिक सुट्टी रविवारी आहे. त्याच्यासाठी ऑगस्ट 2025 मध्ये कारखाना अधिनियम, 1948 मधलं कलम 79 होतं. आधीच्या वर्षात 240 दिवस काम केलं असेल तर दर 20 दिवसांमागे एक दिवस भरपगारी रजा मिळायची. याच कलमात स्पष्ट लिहून ठेवलं होतं की रजेच्या मध्ये येणाऱ्या किंवा दोन्ही टोकांना येणाऱ्या सुट्ट्या या रजेत धरायच्या नाहीत. म्हणजे त्याचेही 3 दिवस. लक्षात घ्या, अर्जित रजा घेणाऱ्या सरकारी कर्मचाऱ्याला पोटातली सुट्टी गमवावी लागते, पण कारखान्यातल्या कामगाराची तीच सुट्टी कायद्यानेच वाचवली आहे. हे आपल्या एमआयडीसीतल्या किती पोरांना माहीत आहे? आणि किती टाइमकीपरना माहीत असून आठवत नाही?

आता पाचवा माणूस. खरं तर याच्यासाठीच लिहायला बसलो.

ही मुलगी एका कार्यालयात संगणकावर नोंदी करते. कार्यालयाचं नाव सांगत नाही, एजन्सीचंही नाही. एजन्सीमार्फत लागलेली आहे, म्हणजे काम इथलं, पगार तिथला. वडिलांना नागपूरला दाखवायचं होतं. चौदा तारखेला गेली, अठराला संध्याकाळी परत आली. जाण्याआधी रीतसर अर्ज दिला. कार्यालयातल्याच कोणीतरी जुना अर्ज काढून दिला, त्यावरून तिने लिहिला. त्यातही तेच वाक्य, "असे एकूण 5 दिवस".

पगार जमा झाला तेव्हा 10,500 आले. तिने एजन्सीच्या माणसाला फोन केला.

"दादा, मी त दोनच दिवस नव्हती. पाच दिवसाचे काऊन कापले?"

तो म्हणाला, "तूच त लिहून देल्लं ना पाच दिवस. आता मी काय करू?"

मग माझ्याकडे आली. "काका, असं कसं हो? पंधरा ऑगस्टचेही पैसे कापले. त्या दिवशी त ऑफिसच बंद होतं ना!"

मी तिला म्हटलं, पोरी, आधी पगाराची चिठ्ठी दाखव. चिठ्ठीवर लिहिलं होतं, गैरहजर दिवस 5, कपात 2,500. म्हणजे दिवसाला 500. आता 500 हा आकडा आला कुठून? 13,000 ला 26 ने भागलं की 500 येतात. 26 का? कारण महिन्यातले चार रविवार वगळून कामाचे दिवस 26 धरायची जुनी पद्धत आहे. पद्धत चुकीची नाही. पण तिचा अर्थ असा की महिन्याचा सगळा पगार त्या 26 कामाच्या दिवसांवर वाटून टाकला. रविवारच्या नावावर वेगळा पैसा ठेवलाच नाही. मग 17 तारखेच्या रविवारचे 500 रुपये कापले कशातून? जो पैसा रविवारला दिलाच नाही, तो रविवारकडून वसूल कसा केला?

हे पटत नसेल तर याच हिशेबाने संपूर्ण ऑगस्ट महिना ती गैरहजर होती असं धरा. 31 दिवस गुणिले 500, म्हणजे 15,500. पगार 13,000. म्हणजे महिनाभर घरी बसली असती तर वरून अडीच हजार रुपये एजन्सीला देणं लागली असती! ज्या हिशेबात पगारापेक्षा कपात जास्त निघू शकते, तो हिशेब नाही, ती लूट आहे. भागायचं 26 ने असेल तर मोजायचे फक्त कामाचे दिवस. सगळे दिवस मोजायचे असतील तर भागायचं महिन्याच्या 31 ने. भागताना 26 आणि मोजताना 31, हे दोन्हीकडून खाणं झालं. आपापली चिठ्ठी काढा आणि कपातीला दिवसांनी भागून बघा. पगार भागिले 26 येत असेल आणि दिवसांत रविवार धरलेला असेल, तर समजा तुमच्याही खिशात हात गेलाय.

तिच्या बाबतीत 26 च्या हिशेबानेही दोनच दिवस, म्हणजे 1,000 रुपये कापायला हवे होते. तेही रजा शिल्लक नसेल तर. आणि रजा शिल्लक का नसावी? महाराष्ट्राचा दुकाने व आस्थापनांचा 2017 चा कायदा आहे. तो लागू असलेल्या आस्थापनेत कामगाराला वर्षाला 8 नैमित्तिक रजा मिळतात, त्या तिमाहीप्रमाणे जमा होतात. शिवाय वर्षाला 8 भरपगारी सणाच्या सुट्ट्या. त्यातल्या चार तारखा कायद्यातच लिहिलेल्या आहेत: 26 जानेवारी, 1 मे, 15 ऑगस्ट, 2 ऑक्टोबर. उरलेल्या चार मालक आणि कामगारांनी मिळून ठरवायच्या. ज्या एजन्सीला हा कायदा लागू आहे, तिने 15 ऑगस्टचा पगार कापणं म्हणजे कायद्यात तारखेनिशी दिलेली सुट्टी खाणं. स्वातंत्र्यदिनाचे 500 रुपये! अमृतमहोत्सवाचे फलक लावून झाले, आता हे.

वेतन देण्याच्या 1936 च्या कायद्यातही हा प्रश्न सोडवून ठेवलेला होता. हा कायदा कारखाने आणि औद्योगिक आस्थापनांसाठी होता, पण त्यातलं तत्त्व कुठेही लावून बघावं असं आहे. गैरहजेरीची कपात किती? तर पगाराच्या काळात माणसाने जेवढं काम देणं आवश्यक होतं, त्यातला जेवढा काळ तो आला नाही, तेवढ्याच प्रमाणात. त्याहून एक पैसा जास्त नाही. ज्या दिवशी यायचंच नव्हतं, त्या दिवशी न येणं ही गैरहजेरीच होत नाही. नव्वद वर्षं होत आली हा कायदा होऊन. इंग्रज बसले होते तेव्हाचा आहे. त्यांना कळलं, आपल्या एजन्सीवाल्याला अजून कळायचंय.

आता "तूच लिहून दिलं" या युक्तिवादाकडे येतो, कारण सगळीकडे हीच ढाल पुढे केली जाते. अर्जात माणूस काय मागतो? कामावर न येण्याची परवानगी. त्याने आकडा जास्त लिहिला म्हणून सुट्टीचा दिवस कामाचा होत नाही. उद्या एखाद्याने 30 फेब्रुवारीची रजा मागितली तर तुम्ही ती खात्यातून वजा करणार का? अर्ज तपासणं हे आस्थापनेचं काम आहे. तारखा कॅलेंडरला लावायच्या, सुट्ट्या बाजूला काढायच्या, मग दिवस मोजायचे आणि मग साहेबांपुढे ठेवायचं. हे पाच मिनिटांचं काम न करता अर्जदाराचा आकडा जसाच्या तसा उतरवायचा, आणि तो आकडा आपल्या फायद्याचा असला की "तुझीच सही आहे" म्हणायचं. मी विचारतो, तिने पाचऐवजी एक दिवस लिहिला असता तर तुम्ही एकाच दिवसाचे पैसे कापले असते का? तेव्हा लगेच कॅलेंडर काढलं असतं.

या मोजणीला पुण्याकडच्या कंपन्यांत "सँडविच लीव्ह" म्हणतात. दोन रजांच्या मध्ये सुट्टी आली की तीही रजाच. आपल्या जिल्ह्यातली पोरं तिकडे नोकरीला आहेत, त्यांना हा शब्द पाठ आहे. तिथे निदान कंपनीच्या नियमपुस्तिकेत लिहिलेलं असतं आणि रुजू होताना सही घेतलेली असते. ते योग्य की अयोग्य हा वेगळा वाद. पण इथे? इथे एजन्सीने ना नेमणूकपत्रात लिहिलं, ना फलकावर लावलं. कुठून तरी ऐकलेला शब्द उचलला आणि तेरा हजारवाल्यावर लावला. त्यातही उलटसुलट. मागे एका पोराने फक्त शुक्रवारची रजा घेतली, गुरुवारी सार्वजनिक सुट्टी होती आणि पुढे शनिवार-रविवार. त्यालाही "सँडविच" म्हणून चार दिवस लावले. अरे बाबा, तिथे सुट्ट्यांच्या मध्ये रजा आहे, रजांच्या मध्ये सुट्टी नाही! पाव कोणता आणि भाजी कोणती हे तरी बघा.

दुसरी बाजूही मांडतो, नाहीतर म्हणाल एकतर्फी लिहितो. लांब वीकेंड आला की कार्यालयं ओस पडतात, हे खोटं नाही. उमरखेडहून, झरी जामणीहून माणूस दिवस मोडून, तिकीट काढून यवतमाळला येतो आणि खुर्ची रिकामी. "साहेब रजेवर आहेत, मंगळवारी या." त्याचा संताप मला समजतो, मी खिडकीच्या आतून तो तीस वर्षं पाहिला आहे. म्हणून काही अधिकारी म्हणतात की मधल्या सुट्ट्या रजेत धरल्या नाहीत तर सगळेच गुरुवार-सोमवार टाकतील.

टाकतील. मग मंजूर करू नका ना! रजा हक्क म्हणून मागता येत नाही, कामाच्या निकडीमुळे ती नाकारता येते, हा नियम प्रत्येक अधिकाऱ्याला तोंडपाठ आहे. गुरुवारी अर्ध्या लोकांना सोडा, सोमवारी उरलेल्यांना. तसा तक्ता लावा, आणि खिडकीवर कोण बसणार ते आधी ठरवा. ते वाईटपणाचं काम आहे, म्हणून कोणी करत नाही. सगळ्यांना मंजूर करून टाकायचं आणि मागून मोजणीत कापायचं, याने खिडकी उघडी राहते का? उमरखेडच्या माणसाला त्या मुलीचे कापलेले 2,500 रुपये मिळाले का? त्याला तर सोमवारी परतच जावं लागलं.

आणि शनिवारबद्दल एक बोलतो, कारण "आधीच पाच दिवसांचा आठवडा, वरून यांना सुट्ट्या पाहिजेत" ही टिप्पणी येणारच. राज्य सरकारी कार्यालयांत 29 फेब्रुवारी 2020 पासून पाच दिवसांचा आठवडा आला, तेव्हा शनिवार फुकट दिला नाही. रोजची वेळ वाढवली. सकाळी 9:45 ते संध्याकाळी 6:15 झाली. म्हणजे शनिवारचं काम सोमवार ते शुक्रवार थोडं थोडं करून घेतलं जातं. (घेतलं जातं की नाही हा प्रश्न तुम्ही विचारा, मी निवृत्त आहे.) तो शनिवार रजेत मोजला, तर एकच दिवस माणसाकडून दोनदा वसूल केला. ती मुलगीही त्याच वेळेत बसते, 6:15 पर्यंत. तिला कोणी 5:45 ला सोडत नाही.

अर्ज कसा लिहावा, हे विचारणारे बरेच आहेत, म्हणून माझ्या पद्धतीने लिहून देतो. एकाच अर्जात आपण दोन वेगळ्या गोष्टी मागत असतो आणि "एकूण दिवस" या दोन शब्दांत त्यांची खिचडी होते. एक म्हणजे रजा, ती फक्त कामाच्या दिवसांची. दुसरी म्हणजे गावाबाहेर जाण्याची, सरकारी भाषेत मुख्यालय सोडण्याची परवानगी, ती सगळ्या दिवसांची. पाच हा आकडा खोटा नाही, तो दुसऱ्या मागणीचा आहे. तो पहिल्या मागणीत घुसला की नुकसान होतं. तेव्हा सीएलसाठी असं लिहा:

"दि. 14/08/2025 (गुरुवार) व दि. 18/08/2025 (सोमवार) या कामाच्या 2 दिवसांची नैमित्तिक रजा मंजूर व्हावी. दि. 15/08/2025 (स्वातंत्र्यदिन), दि. 16/08/2025 (शनिवार) व दि. 17/08/2025 (रविवार) हे सुट्टीचे दिवस आहेत. दि. 14/08/2025 ते दि. 18/08/2025 या कालावधीत मुख्यालय सोडण्याची परवानगी मिळावी. दि. 19/08/2025 रोजी कार्यालयीन वेळेत रुजू होईन."

"ते" हा शब्द रजेच्या वाक्यात येऊ देऊ नका, तो परवानगीच्या वाक्यात ठेवा. रजेत "व" लिहा, तारखा सुट्या मांडा, प्रत्येक तारखेपुढे वार लिहा. वार लिहिला की मोजणाऱ्याला आंधळेपणाचं सोंग करता येत नाही. एजन्सीच्या माणसांना मुख्यालयाची भानगड नसते, त्यांनी तिसरं वाक्य गाळलं तरी चालेल. पण दुसरं गाळू नका.

15 ऑगस्ट, 26 जानेवारी, 1 मे या तारखांना सरकारी कर्मचाऱ्यांनी झेंडावंदनाला हजर राहणं अपेक्षित असतं. म्हणून त्या दिवशी बाहेरगावी असाल तर परवानगीत ती तारीख आलीच पाहिजे. न सांगता गेलात तर खुलासा मागतील, आणि मागावाच. पण माझ्या मते खुलासा हा खुलासाच राहतो, त्या दिवसाची सीएल लावणं हा त्याचा मार्ग नाही. सुट्टी सुट्टीच राहते.

आणखी एक खाचखळगा स्थानिक सुट्टीचा. जिल्हाधिकारी वर्षाला तीन स्थानिक सुट्ट्या जाहीर करतात. त्यांच्या आदेशाच्या खाली बहुतेक वेळा एक ओळ असते की ही सुट्टी बँकांना आणि केंद्र सरकारच्या कार्यालयांना लागू नाही. ती ओळ न वाचता बँकेतल्या किंवा पोस्टातल्या माणसाने स्थानिक सुट्टीचा दिवस वगळून अर्ज केला की तो दिवस विनापरवाना गैरहजेरीत जातो. आदेशाचा फोटो व्हॉट्सॲपवर फिरतो तेव्हा खालचा भाग बहुतेक कापलेला असतो. पूर्ण आदेश पाहा.

त्या मुलीचं काय झालं ते सांगतो. आम्ही एजन्सीला एक पानाचा अर्ज लिहिला. त्यात भांडण नाही, फक्त तारखा आणि वार, 26 ने भागाकार, रविवार कशातून कापला हा एक प्रश्न, आणि जादा कपात परत करावी ही मागणी. 2017 च्या कायद्याप्रमाणे तिच्या खात्यात किती रजा जमा आहे याची नोंदही लेखी मागितली. एक प्रत ती बसते त्या कार्यालयाला दिली. कंत्राटी कामगारांच्या 1970 च्या कायद्यात सोय होती: कायदा लागू असेल आणि कंत्राटदाराने पगार कमी दिला, तर उरलेली रक्कम देण्याची जबाबदारी मुख्य नियोक्त्यावर यायची. कायदा लागू व्हायला कामगारांची ठरावीक संख्या लागायची, म्हणून ती माहितीही मागितली. "ती एजन्सीची माणसं आहेत, आमचा संबंध नाही" असं सांगणाऱ्या साहेबांनी हे कलम एकदा वाचावं. दोन्हीकडे आवक क्रमांक आणि शिक्का घेऊन पोच घेतली. पंधरा दिवसांत उत्तर नाही आलं तर हीच दोन पानं घेऊन सरकारी कामगार अधिकाऱ्यांच्या कार्यालयात जायचं ठरलं आहे.

पोच घेताना आवक-जावकच्या टेबलावरचा मुलगा हळूच म्हणाला, "काका, माह्येही चार दिवस कापले हो." तोही एजन्सीचाच. त्याला म्हटलं, संध्याकाळी चिठ्ठी घेऊन ये.

आता 2 ऑक्टोबर येतोय. 2025 मध्ये गांधी जयंती आणि दसरा एकाच दिवशी, गुरुवारी. शुक्रवार 3 तारीख कामाची, मग शनिवार-रविवार. बरेच जण शुक्रवारचा अर्ज देतील. पाच दिवसांचा आठवडा असलेल्यांनी लिहायचं, "दि. 03/10/2025 (शुक्रवार) या कामाच्या 1 दिवसाची रजा". ज्यांचा शनिवार कामाचा आहे, त्यांनी शुक्रवार आणि शनिवार असे 2 दिवस. कोणी जुना अर्ज काढून दिला आणि त्यात "दि. 2 ते दि. 5 असे एकूण 4 दिवस" असेल, तर तो कागद तिथेच फाडा. ज्यांच्या ऑगस्टच्या चिठ्ठीत सुट्टीच्या दिवसांची कपात आहे त्यांनी कमेंटमध्ये फक्त तीन आकडे टाका: पगार, कपात, लावलेले दिवस. नाव नको, कार्यालय नको. भागाकार मी करून देतो.